बर्मी पुस्तिकेतले शास्त्रीय शब्द: नवा घडवायचा, उसना घ्यायचा की समजावून सांगायचं?

शब्दसांगाती (पणजी)

समुद्राच्या पाण्यात होत असलेल्या रासायनिक बदलावर शाळकरी मुलांसाठी ३२ पानी पुस्तिका होते आहे. मूळ मजकूर इंग्रजी, त्यावरून मराठी आणि बर्मी अशा दोन आवृत्त्या निघतील. मराठी आवृत्ती आपल्या किनाऱ्यावरच्या शाळांसाठी आहे, बर्मी आवृत्ती म्यानमारच्या दक्षिणेकडच्या तनिन्थायी किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावांसाठी. बर्मीचे दोन्ही अनुवादक तिथलेच आहेत. शब्दसूची ठरवून ती दोन्ही भाषांत एकसारखी राखायचं काम माझ्याकडे आहे.

गाडी पहिल्याच शब्दावर अडली आहे. इंग्रजीत ज्याला ‘ओशन ॲसिडिफिकेशन’ म्हणतात, त्याला एका अनुवादकाला पालीवरून नवा शब्द घडवायचा आहे. दुसऱ्याचं म्हणणं, ‘ॲसिड’ बर्मीत कधीचा रुळला आहे, तोच घ्या. मला तिसरीच शंका आहे: शब्द देण्याऐवजी एका वाक्यात समजावून सांगितलं तर? प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक सजीवांच्या, बाबतीतही हाच पेच आहे. हा निर्णय घ्यायचा कसा? मला आवडनिवड नकोय, कसोटी हवी आहे.

अण्णा_डिचोली

यात अडायचं कारणच नाही. ब्रह्मी भाषेतलं सगळं शास्त्र पालीतून आलेलं आहे आणि पाली म्हणजे संस्कृतची सख्खी बहीण. त्यांच्याकडे रसायनशास्त्राला ‘धातुवेद’ म्हणतात, भौतिकशास्त्राला ‘रूपवेद’, जीवशास्त्राला ‘जीववेद’. आपल्या परिभाषा कोशांत हजारो संस्कृत शब्द तयार आहेत. आम्लीकरण, प्लवक, विद्राव्य हे त्यांना पाठवा, ते पाली वळण देतील. एकदा घडवलेला शब्द पिढ्यान् पिढ्या पुरतो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याच विचारानं.

जनेल

अण्णा, गोव्यात पाव, बटाटा आणि खिडकीला म्हणतो ते जनेल हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. त्यांना आता कोणी परके म्हणत नाही. उसना शब्द टिकत नाही असं कुठे आहे?

पिंपळपान

अण्णा, तुमचं निम्मं बरोबर आहे. विषयांची नावं तशीच आहेत, फक्त बर्मीत ‘वेद’चा ‘बेदा’ होतो. पण त्या नावांवरून अख्ख्या भाषेचा अंदाज बांधू नका. आतला रोजचा शास्त्रीय मजकूर उघडलात तर ऑक्सिजन, हायड्रोजन, कार्बन, ॲसिड हे सगळे इंग्रजीच, बर्मी लिपीत आणि बर्मी उच्चारात. ‘आम्ल’ तिथल्या वाचकाला काहीच सांगणार नाही. संस्कृतची ओळख आपल्याला आहे म्हणून तो शब्द आपल्याला पारदर्शक वाटतो.

पालीतून आलेला एक शब्द मात्र तिथे खराखुरा जिवंत आहे. तो म्हणजे ‘धातू’. लिहिताना ‘धात्’, बोलताना ‘दा’ म्हणून आवाज घशात तोडायचा. हा शब्द कोशापुरता राहिलेला नाही, बाजारात चालतो. फोटो म्हणजे धात् आणि चित्र. लिफ्ट म्हणजे धात् आणि शिडी. टॉर्च म्हणजे धात् आणि आग, पेट्रोल म्हणजे धात् आणि तेल, बॅटरीचा सेल म्हणजे धात् आणि गोळा. प्रयोगशाळा म्हणजे धात् फोडून पाहण्याची खोली. आणि हा मागेही लागतो: पाण्याला धात् जोडलं की शरीरातला पाण्याचा अंश, लोखंडाला जोडलं की आहारातलं लोह. अंगातलं पाणी कमी झालं तर ‘पाणी-धात् सुकणं’ असं म्हणतात, आणि ते कोणालाही कळतं.

म्हणून बर्मीत ‘घडवायचं’ याचा अर्थ पाली कोश उघडून बसायचं असा होत नाही. जो तुकडा लोक स्वतःहून नव्या वस्तूंना जोडतात, तो वापरायचा. ताई, तुमच्या अनुवादकांना आधी हेच विचारा: नव्या शब्दातला प्रत्येक तुकडा तिथला दहा वर्षांचा मुलगा दुसऱ्या कोणत्या शब्दात रोज ऐकतो? एकाही तुकड्याला उत्तर मिळालं नाही तर तो शब्द घडवलेला असला तरी वाचकाला उसन्याइतकाच परका. वर त्याला उसन्याचा फायदाही मिळत नाही, कारण पुढच्या वर्गात किंवा इंटरनेटवर तो पुन्हा भेटत नाही.

कुळागर

आमच्याकडेही हाच घोळ आहे. मातीपरीक्षणाच्या पत्रिकेवर ‘सामू’ असा रकाना असतो. ‘सामू’ म्हणजे काय ते शेतकऱ्याला विचारावं लागतं, ‘पीएच’ म्हटलं की तो लगेच सांगतो. मराठी आवृत्तीत पीएचच ठेवा. आणि आम्लता शिकवणं सोपं आहे, आपली जांभ्याची जमीन आम्लधर्मीच, चुना टाकला की ती सुधारते, हे इथल्या शेतकऱ्याच्या मुलाला माहीत असतं. तेच उदाहरण द्या.

सागरमेघ (दोना पावला)

कुळागर, प्रश्न मुख्यतः बर्मी आवृत्तीचा आहे, पण तुमच्या उदाहरणानं खरी अडचण बरोबर उघडी पडते. जांभ्याच्या जमिनीचा पीएच ७ च्या खाली असतो, म्हणून तिला आम्लधर्मी म्हणणं योग्यच. समुद्राचं पाणी तसं नाही. औद्योगिक काळाच्या आधी पृष्ठभागाचा पीएच सरासरी ८.२ च्या आसपास होता, आज तो ८.१ च्या आसपास आहे. म्हणजे पाणी आजही अल्कधर्मीच आहे. तरी फरक लहान नाही, कारण पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते. ०.१ नं पीएच उतरला याचा अर्थ पाण्यातले हायड्रोजन आयन साधारण एक चतुर्थांशानं वाढले.

शिंपल्यांचं नुकसान पाणी आंबट होऊन होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल बनतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि ते पाण्यातल्या कार्बोनेटला धरतात. शिंपले, कालवं, प्रवाळ यांना कवच बांधायला तेच कार्बोनेट लागतं. त्याचा पुरवठा आटतो. वाचकाला हे कळलं नाही आणि ‘समुद्र आम्लधर्मी झाला’ एवढंच कळलं, तर तो लगेच म्हणेल की मग टाका चुना.

तेव्हा शब्द कोणताही निवडा, त्यानं दोन गोष्टी करू नयेत. पाणी आम्ल झालं असं सांगू नये, आणि चवीकडे नेऊ नये.

जनेल

म्हणजे समुद्राची सोलकढी झालेली नाही.

शब्दसांगाती

सागरमेघ, हे लिहिलंत ते फार बरं झालं. या दोन अटी मी सूचीच्या डोक्यावरच घालते. पिंपळपान, अनुवादकांकडून आलेले चार पर्याय असे आहेत, मराठीत उलटवून देते:

‘समुद्राचं पाणी आंबट होणं’
‘समुद्राचं पाणी ॲसिड बनणं’
‘समुद्राच्या पाण्यातलं ॲसिड-धात् वाढत जाणं’
आणि पालीवरून घडवलेला एक लांब जोडशब्द. त्याचा उलटा अनुवाद दुसऱ्या एका जाणकाराकडून करून घेतला, तर इंग्रजी संज्ञा जशीच्या तशी परत आली. त्यामुळे त्या अनुवादकाचं म्हणणं आहे की हाच सिद्ध झाला.

पिंपळपान

इथेच सगळे फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उलटा अनुवाद कशाची परीक्षा घेतो? मूळ मजकुरातला अर्थ वाटेत सांडला का, याची. ती परीक्षा देणारा माणूस दोन्ही भाषा जाणणारा, बहुधा विज्ञान शिकलेला. इंग्रजी संज्ञेचे तुकडे पाडून एकेका तुकड्याला पाली तुकडा जोडला असेल तर तो माणूस कुलूप उघडल्यासारखा तीच संज्ञा परत काढणार. शब्द जितका यांत्रिकपणे घडवलेला, तितका या परीक्षेत वरचा नंबर. आणि नेमका तोच शब्द एकभाषी वाचकाला सगळ्यात अवघड जातो. उलटा अनुवाद नापास झाला तर शब्द वाईट आहे हे नक्की. पास झाला तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

दुसरी परीक्षा इंग्रजी न येणाऱ्या वाचकांवर घ्यायची. पाच-सहा जण पुरतात, पण ते पुस्तिकेच्या वाचकांसारखे हवेत, शिक्षक नकोत. त्यांना तो शब्द असलेला एक परिच्छेद वाचायला द्या आणि कागद काढून घ्या. मग तीन प्रश्न. हे पाणी चाखलं तर कसं लागेल? यामुळे कोणाला त्रास होईल आणि का? पूर्वी हे पाण्यात मुळीच नव्हतं, की होतं आणि वाढलं? शेवटी पुढचं पान द्या आणि तोच शब्द कुठे आला आहे त्यावर बोट ठेवायला सांगा. ‘समजलं का?’ असं विचारायचंच नाही. वडीलधाऱ्या पाहुण्याला तिथेही कोणी ‘नाही समजलं’ म्हणत नाही.

आता तुमचे चार पर्याय. पहिला पहिल्याच प्रश्नात जाईल. बर्मीत आंबटपणाचा जो शब्द आहे तो सरळ जेवणाच्या ताटातला, आंबट पाल्याच्या भाजीपासून आंबलेल्या पदार्थांपर्यंत सगळीकडे चालतो. मच्छीमाराला वाटेल, पाणी नासलं. दुसऱ्यात ‘बनणं’ हे क्रियापद आहे, त्यातून बदल पुरा झाल्याचा अर्थ निघतो, म्हणजे सागरमेघ यांची पहिली अट मोडते. चौथ्याबद्दल वर लिहिलंच. तिसरा मला चालण्यासारखा दिसतो. ‘ॲसिड-धात्’ हा जोड आधीपासून वापरात आहे, आणि ‘वाढत जाणं’मुळे आधी थोडं होतं हे आपोआप कळतं.

सागरमेघ

रसायनाच्या बाजूनं तिसऱ्याला हरकत नाही. अल्कधर्मी पाण्यातही हायड्रोजन आयन असतातच, त्यामुळे ‘वाढणं’ हे शब्दशः खरं आहे. उलट आपला ‘आम्लीकरण’ मला आता खटकू लागला आहे. शुद्धीकरण झालं म्हणजे पाणी शुद्ध झालं, विद्युतीकरण झालं म्हणजे गावात वीज आली. त्याच चालीवर मुलगा ‘सागरी आम्लीकरण’ वाचून समुद्र आम्ल झाला असंच म्हणणार. मराठीतही ‘समुद्राची आम्लता वाढणे’ करावं.

अण्णा_डिचोली

हे मान्य. ‘-ईकरण’मध्ये काम पुरं झाल्याचा भाव आहे खरा. पण मग नाम कुठे राहिलं? ‘समुद्राची आम्लता वाढणे’ हे वाक्य झालं. प्रकरणाच्या शीर्षकात काय घालणार, अनुक्रमणिकेत काय? ‘आम्लतावाढ’ करा. सुटसुटीत आहे आणि समास मराठीच्या अंगानं जातो.

शब्दसांगाती

‘आम्लतावाढ’ छान आहे अण्णा. घेतला.

कुळागर

बाकी शब्दांचं काय? प्रत्येकाला एवढी परीक्षा घेत बसलात तर पुस्तिका निघणार कधी?

पिंपळपान

प्रत्येकाला गरज नाही. आधी मोजा की मजकुरात कोणता शब्द किती वेळा येतो. एकदा-दोनदा येणाऱ्याला संज्ञा देऊच नका, तिथल्या तिथे साध्या वाक्यात सांगा आणि पुढे चला. ३२ पानांत असे शब्द बरेच निघतात, आणि निम्मा वाद तिथेच संपतो. जे सतत येतात आणि वाचकाला पुढेही लागणार आहेत, त्यांनाच नाव द्यायचं. ज्याचं फक्त नाव ओळखायचं आहे, यंत्रणा समजून घ्यायची नाही, जसं एखाद्या मूलद्रव्याचं, तिथे उसना शब्द सर्वात प्रामाणिक. पुढच्या वर्गातही मुलाला तोच भेटतो.

उसन्याच्या दोन खबरदाऱ्या मात्र बर्मीपुरत्या खास आहेत. बर्मी लिहिताना आपल्यासारखी प्रत्येक शब्दानंतर जागा सोडत नाहीत. अनोळखी उसना शब्द ओळीत आला की तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेच वाचकाला कळत नाही, आणि शेजारच्या बर्मी अक्षराला तो चिकटून वाचला जातो. म्हणून पहिल्यांदा येईल तिथे ठळक टाइप आणि शेजारी रोमन लिपीतलं मूळ रूप, एवढं करा. दुसरं, लेखन एकच ठरवा. ‘व्हायरस’चा पहिला आवाज ‘ब’ होतो, शेवटचा ‘स’ उच्चारातून जातो, पण कोणी तो मुका ‘स’ लिहितं, कोणी गाळतं. एकाच पुस्तिकेत दोन्ही आले तर मुलाला ते दोन रोग वाटतील, आणि संगणकावर शोधलं तर निम्मी पानं सापडणार नाहीत.

जनेल

व्हायरसला तिकडे आपला शब्द नाही?

पिंपळपान

उसन्याला देशी शेपूट लावतात: व्हायरस आणि पुढे ‘पो’. ‘पो’ म्हणजे किडा, अळी, जंतू, सगळंच. वाचकाला लगेच कळतं की ही रोग आणणाऱ्या बारीक जिवाची गोष्ट आहे. हा मिश्र प्रकार बर्मीत खूप चालतो आणि मुलांच्या पुस्तकाला तो मला सर्वात सोयीचा वाटतो. पण शेपूट स्वतःची समजूत बरोबर आणतं. ‘पो मारायचं औषध’ हा शब्द कीटकनाशकाला आणि जंतुनाशकाला आहेच, मग व्हायरसही त्यानंच मरेल असं वाटायला वेळ लागत नाही.

अण्णा_डिचोली

आणि प्रतिजैविकाला काय म्हणतात?

पिंपळपान

तुम्हाला आवडेल अण्णा. पाली ‘पटि’, त्याला ‘जीव’, त्यापुढे बर्मी ‘औषध’. आपल्या ‘प्रतिजैविक’चा जुळा भाऊ. घडवलेले शब्दही टिकतात, मी विरोधात नाही. यात शेवटी ‘औषध’ हा रोजचा शब्द आहे, त्यामुळे पुढचे तुकडे कळले नाहीत तरी वस्तू काय आहे ते कळतं.

नव्या शब्दाचा अर्थ आधीच दुसऱ्यानं घेतलेला नाही ना, हेही बघा. बर्मीत मलेरियाचं नाव शब्दशः ‘पक्षी-ताप’ आहे. बर्ड फ्लूचा सरळ अनुवाद केला असता तर लोक मच्छरदाणी शोधत बसले असते. म्हणून तिथे ‘कोंबडी-पक्षी’ असा जोड करून त्यापुढे फ्लूचा रुळलेला शब्द लावतात.

शब्दसांगाती

हे सगळं कसोटीच्या रकान्यात जातंय. आता प्लवकांचं सांगा. दोन्ही अनुवादकांना ‘प्लँक्टन’ उसना घ्यायचा आहे, तरीही भांडण चालू आहे. ते मला नीटसं कळलेलं नाही.

पिंपळपान

ते बहुधा मोजणीच्या शब्दावरून असेल. बर्मीत ‘तीन मासे’ म्हणताना संख्येबरोबर वर्गाचा शब्द लागतो: प्राण्यांना ‘काउं’, झाडांना ‘पिं’. ‘एका थेंबात इतके प्लँक्टन’ असं वाक्य आलं की अनुवादकाला ठरवावंच लागतं, हा प्राणी की वनस्पती. इंग्रजीनं आणि मराठीनं तो प्रश्न विचारलेलाच नाही. ‘काउं’ लावलं की वनस्पती-प्लवकही प्राणी ठरले.

सागरमेघ

आणि ते चुकीचं ठरेल. पुस्तिकेत प्रकाशसंश्लेषण करणारे आहेत आणि त्यांना खाणारेही आहेत. गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या अखेरीस खालचं, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी वर चढतं. त्या पाण्यात पोषकद्रव्यं भरपूर असतात, म्हणून आधी वनस्पती-प्लवक माजतात, आणि ते मरून कुजताना उरलेला ऑक्सिजनही संपवतात. ही साखळी पान १४ वर आहे. दोघांना एकाच वर्गात घातलं तर ती कळणारच नाही.

पिंपळपान

मग दोन वाटा. एक म्हणजे मोजणीचं वाक्यच बदला आणि ‘इतक्या प्रकारचे’ म्हणा, ‘म्यो’ म्हणजे प्रकार हा शब्द दोघांना चालतो. दुसरी, प्लँक्टन हे सामाईक नाव फक्त प्रस्तावनेत ठेवा आणि पुढे ‘तरंगती बारीक रोपं’ व ‘तरंगते बारीक जीव’ अशी दोन साधी नावं चालवा. मला दुसरी बरी वाटते.

जनेल

पण मग पुढच्या वर्गात फायटोप्लँक्टन आलं की मुलगा पुन्हा कोरा. उसन्याचा फायदा तुम्हीच वर सांगितला होता.

पिंपळपान

खरं आहे. म्हणून पहिल्यांदा येतील तिथे दोन्ही रूपं द्यावी लागतील. त्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही, हे वाचकांपुढे ठेवूनच कळेल.

अण्णा_डिचोली

मला एक शंका राहिली. ‘धात्’बद्दल इतकं कौतुक चाललं आहे, पण बौद्ध परंपरेत धातू म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू ही चार महाभूतं. बुद्धाच्या अस्थींनाही धातूच म्हणतात. ‘पाण्यातलं ॲसिड-धात् वाढलं’ म्हटल्यावर वाचक हे महाभूतांचा तोल बिघडला असं घेणार नाही कशावरून?

पिंपळपान

अण्णा, हा मुद्दा पक्का आहे. देशी वैद्यकातही आजार म्हणजे धातूंचा तोल जाणं अशी भाषा आहे. फोटो आणि बॅटरीच्या सेलच्या वेळी कोणाला महाभूतं आठवत नाहीत, कारण समोर वस्तू असते. इथे समोर पाणी आहे, आणि पाणी स्वतःच महाभूत. तोल बिघडल्याची कल्पना आली तर मला ती पूर्ण वाईट वाटत नाही, पण ‘तोल परत येईल’ अशी आशाही तिच्यामागून येते.

सागरमेघ

मला ती वाईटच वाटते. कार्बन डायऑक्साइड हवेत वाढत राहिला तर हे आपोआप परत येणारं नाही. पुस्तिकेचा तोच मुख्य मुद्दा आहे.

शब्दसांगाती

मग परीक्षेत चौथा प्रश्न घालते: ‘हे पुढच्या पावसाळ्यापर्यंत पूर्ववत होईल का?’ सहापैकी निम्म्यांनी ‘हो’ म्हटलं तर ॲसिड-धात् काढून, संज्ञेशिवाय ‘हवेतला कार्बन पाण्यात शिरून कवचाचा माल कमी पडणं’ असं लांब लिहायचं, आणि शीर्षकात नुसतं ‘कवचं का पातळ होतात’.

सध्या सूचीत ही ओळ अशी जाते आहे: मराठी ‘आम्लतावाढ’, बर्मी ‘समुद्राच्या पाण्यातलं ॲसिड-धात् वाढत जाणं’, तात्पुरतं, पहिल्या वापराला शेजारी रोमन रूप आणि खाली दोन ओळींचं स्पष्टीकरण, आंबट आणि ‘बनणं’ दोन्ही वर्ज्य.

कुळागर

वर्ज्य केलेले शब्द कारणासकट त्याच ओळीत ठेवा, ताई. नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला येणारा नवा माणूस ‘आंबट’ पुन्हा सुचवेल आणि हे सगळं पहिल्यापासून सुरू होईल.

शब्दसांगाती

ठेवते. पिंपळपान, पान १४ चा बर्मी मसुदा आला की इथेच टाकते. त्यातला प्रत्येक ‘काउं’ आणि ‘पिं’ तपासून द्याल का?

पिंपळपान

पाठवा. सोबत मूळ इंग्रजी परिच्छेद पाठवू नका, आधी तो नसताना वाचतो.